गुणतक्त्यासोबत जायला हवे असे एक पान

शाळेच्या कपाटातले जुने निकालपत्रक आणि त्यावरून तयार केलेली एक्सेलची फाईल शेजारी ठेवून पाहिली, तर फाईल जास्त खरी वाटते. तिच्यात सरळ रेघा असतात, सगळे आकडे एका आकाराचे असतात, खाली बेरीज असते. कागदावर मात्र शाईचे डाग, दुमडीत गेलेला आकडा, एकावर दुसरा गिरवलेला गुण आणि कडेला फाटलेली बेरीज असते. पण कागदावरचा डाग स्वतःच सांगतो की इथे शंका आहे. फाईलमध्ये त्या जागी कुणी ४५ टाइप केले की शंका पुसली जाते आणि ४५ तेवढे उरते. पुढे त्याच फाईलवरून दुय्यम गुणपत्रक निघते आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही होते.

म्हणून गुणतक्ता उतरवून देणाऱ्याने, तो शाळेचा लिपिक असो, संगणक शिक्षक असो की बाहेरून बोलावलेला टायपिस्ट, फाईलसोबत मुख्याध्यापकांना एक पान लिहून द्यायला हवे. कुठे काय गृहीत धरले, कुठली चौकट वाचता आली नाही आणि कुठला निर्णय त्यांनीच घ्यायचा आहे, हे त्या पानावर असावे. बहुतेक ठिकाणी हे पान लिहिले जात नाही. लिहिलेच तर ‘काही आकडे अस्पष्ट आहेत, कृपया तपासून घ्यावेत’ एवढेच असते. या वाक्याने कुणाचेच काम होत नाही. कोणते आकडे, किती आणि कशाशी ताडून तपासायचे, हे कळल्याशिवाय मुख्याध्यापकांना सगळा तक्ता पुन्हा वाचावा लागेल, किंवा तसाच सोडून द्यावा लागेल.

नमुना म्हणून इयत्ता नववीच्या एका तुकडीचे वार्षिक निकालपत्रक घेऊ. विद्यार्थी ४६. विषय सहा: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र, प्रत्येकी १०० गुणांचे. शेवटी ६०० पैकी एकूण आणि निकालाचा शेरा. म्हणजे गुणांच्या चौकटी २७६. पत्रक हाताने लिहिलेले, मधोमध दुमडलेले आणि उजव्या कडेला थोडे फाटलेले.

अशा पत्रकात वाचणाऱ्याच्या हातात एकच भक्कम साधन असते, ते म्हणजे ओळीच्या शेवटची बेरीज. हजेरी क्रमांक १७ पाहा. मराठी ६२, हिंदी ५७, गणित ३९, विज्ञान ५१, समाजशास्त्र ६६. इंग्रजीच्या चौकटीत फक्त पहिला ४ दिसतो, पुढच्या आकड्यावर शाई सांडली आहे. एकूण ३२० स्वच्छ लिहिले आहे. वाचता आलेल्या पाच विषयांची बेरीज २७५, म्हणून इंग्रजीचे ४५ असणार. दिसणारा ४ त्याच्याशी जुळतो. इथे ४५ लिहायला हरकत नाही, पण हा आकडा वाचलेला नसून काढलेला आहे, हे सांगितलेच पाहिजे. तसे सांगण्याला ठोस कारण आहे. बेरजेवरून आकडा भरला की त्या ओळीची बेरीज जुळणारच. त्यामुळे पुढे कुणी ‘सगळ्या ओळींच्या बेरजा तपासल्या, जुळल्या’ असे म्हणाले, तर या ओळीपुरते त्या वाक्याला काही वजन राहत नाही. मूळ पत्रकात बेरीजच चुकली असेल, तर आपण काढलेले ४५ सुद्धा तितकेच चुकलेले असतील आणि ते कुणाला दिसणारही नाही.

काही वेळा आकडा डोळ्यांना स्पष्ट दिसतो आणि तरी तो कोणता हे ठरत नाही. वर्गशिक्षक देवनागरी आकडे लिहितात, विज्ञानाचे शिक्षक इंग्रजी. हाताने भरभर लिहिलेला देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, आणि देवनागरी ४ इंग्रजी 8 सारखा. हजेरी क्रमांक ८ चे विज्ञानाचे गुण ४१ आहेत की ४९, हे त्या एका चौकटीकडे कितीही वेळ पाहून कळणार नाही. बाकीच्या पाच विषयांची बेरीज ३०० आणि एकूण ३४९, म्हणून ते ४९ हे ठरते. असे गोंधळ ओळखायची एक खूण आहे. बेरजेत ८ किंवा ८० चा फरक पडला, तर आधी १ आणि 9 ची शंका घ्यावी. ४ किंवा ४० चा फरक असेल, तर ४ आणि 8 ची. आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, उदाहरणार्थ १८, तर टाइप करताना ४६ चे ६४ झाले असण्याची शक्यता मोठी असते. आकडे उलटे लिहिले की फरक नेहमी ९ च्या पटीतच येतो, हे हिशेबनीस पूर्वीपासून जाणतात. अर्थात ही खूण फक्त शोध कुठे घ्यायचा ते सांगते. पुरावा कागदावरच सापडायला हवा.

बेरजेचे साधन कुठे थांबते, ते हजेरी क्रमांक २३ च्या ओळीत कळते. दुमड नेमकी गणित आणि विज्ञान या दोन रकान्यांवरून गेली आहे आणि दोन्ही आकडे झिजले आहेत. उरलेल्या चार विषयांचे ५५, ४९, ४४ आणि ६१, म्हणजे २०९. एकूण २९८. तेव्हा गणित आणि विज्ञान मिळून ८९ गुण, एवढे पक्के. पण ८९ ची वाटणी कशी? निकालाच्या रकान्यात ‘उत्तीर्ण’ लिहिले आहे. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात ३५ लागतात, हे धरले तर दोन्ही आकडे ३५ ते ५४ च्या दरम्यान असायला हवेत. पण कृपांकाची खूण दुमडीतच गेली असेल, तर ही मर्यादाही पक्की राहत नाही. पत्रकाच्या तळाशी गणिताची वर्गसरासरी दिली आहे, तिच्यावरून काढता येईल असे वाटते. ती पूर्णांकात दिलेली आहे. सरासरी अर्ध्या गुणाने इकडेतिकडे झाली, तरी पंचेचाळीसएक विद्यार्थ्यांच्या बेरजेत बावीस गुणांचा फरक मावतो. एका विद्यार्थ्याचे गुण त्यातून काढता येत नाहीत.

इथे मोह होतो तो ४४ आणि ४५ लिहून टाकण्याचा. एकूण जुळते, टक्केवारी जुळते, निकालही जुळतो. पण गणितातले ४४ हे त्या मुलाचे गुण नाहीत, ते उतरवणाऱ्याने पाडलेले आहेत. अशा चौकटीत ‘अवाच्य’ हाच शब्द गेला पाहिजे, आणि पानावर लिहिले पाहिजे की दोन्ही मिळून ८९ आहेत, वाटणी ठरत नाही.

चौकटीत शब्द लिहिला की एक्सेलची एक सवय सांभाळावी लागते. SUM हे सूत्र शब्द असलेली चौकट मुकाट्याने वगळते. तेव्हा क्रमांक २३ ची बेरीज २०९ दिसेल आणि कुणाला वाटेल, एवढेच गुण मिळाले. म्हणून बेरजेच्या रकान्यात साधे SUM न टाकता आधी सहाही आकडे आहेत का, ते पाहणारे सूत्र द्यावे. विषय C ते H रकान्यांत आणि हा विद्यार्थी २४ व्या ओळीत असेल तर असे:

```
=IF(COUNT(C24:H24)=6, SUM(C24:H24), "अपूर्ण")
```

मूळ पत्रकावरचे एकूण वेगळ्या रकान्यात जसेच्या तसे राहू द्यावे. दोन्ही शेजारी असले की फरक दिसतो. आणि नुसते पिवळे रंगवून शंका दाखवू नये. झेरॉक्समध्ये पिवळा रंग जातो, आणि दुसऱ्या संगणकप्रणालीत घेण्यासाठी फाईल CSV केली की रंग राहतच नाही.

आता गृहीतकांकडे येऊ, कारण अवाच्य चौकटींपेक्षा जास्त नुकसान त्यांनी होते. अवाच्य चौकट निदान डोळ्यात खुपते. गृहीतक मात्र उतरवणाऱ्याच्या डोक्यात राहते आणि तो गेला की त्याच्याबरोबर जाते.

आपल्या पत्रकात आकड्यांच्या जागी तीन वेगळ्या गोष्टी आढळतात: दोन ठिकाणी ‘गै’, सात ठिकाणी आडवी रेघ, आणि काही विद्यार्थ्यांच्या गणितात ‘३१+४’ अशी नोंद. ‘गै’ म्हणजे गैरहजर, याबद्दल शंका नाही. पण त्याच्या जागी शून्य लिहिले तर काय होते, ते पाहा. पाच चौकटींत ६०, ४०, गै, ५० आणि एक रिकामी असेल, तर एक्सेलची सरासरी ५० येते, कारण ती आकड्यांचीच सरासरी काढते. दोन्ही ठिकाणी शून्य घातले की तीच सरासरी ३० होते. शून्य मिळणे आणि परीक्षेला न बसणे या शाळेच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ‘गै’ तसाच ठेवायचा.

रेघांचे तसे नाही. हजेरी क्रमांक ४४ च्या ओळीत सहाही विषयांत रेघ आहे आणि एकूण रिकामे आहे. विद्यार्थी वर्षाच्या मध्येच शाळा सोडून गेला असावा, असे मानायला जागा आहे. पण तो अंदाज आहे, आणि जनरल रजिस्टर उघडून शाळेला तो लगेच पडताळता येतो. क्रमांक १९ च्या ओळीत फक्त हिंदीत रेघ आहे आणि एकूण हे उरलेल्या पाच विषयांचेच आहे. हा विद्यार्थी हिंदीला गैरहजर होता, की हिंदीऐवजी संस्कृत घेतल्यामुळे त्याचे गुण दुसऱ्या पत्रकावर आहेत? दोन्ही शक्यतांत या पत्रकावरचे एकूण हेच येईल, म्हणून बेरीज इथे काही सांगत नाही. शाळेलाच विचारावे लागेल.

‘३१+४’ मधले चार हे कृपांक. प्रश्न असा की गणिताच्या चौकटीत ३१ लिहायचे की ३५? पत्रकात अशा पाच नोंदी आहेत. त्यांपैकी चार ओळींत एकूण हे कृपांक न धरता जुळते. क्रमांक २९ मध्ये मात्र बाकीचे पाच विषय २४२ आणि एकूण २७७, म्हणजे इथे ३५ धरले आहेत. उतरवणाऱ्याने यातली एक पद्धत निवडून सगळीकडे लावली, तर चार ओळी किंवा एक ओळ मूळ कागदापासून दूर जाईल. त्यापेक्षा मिळालेले गुण एका रकान्यात आणि कृपांक वेगळ्या रकान्यात ठेवावेत. मग गृहीत काही धरावेच लागत नाही, फक्त क्रमांक २९ चा चार गुणांचा फरक पानावर नोंदवावा लागतो.

दोन ओळी अशा आहेत की त्यांतले सगळे वाचता येते आणि तरी त्या पानावर यायला हव्यात. क्रमांक ३६ चे सहाही आकडे स्वच्छ आहेत, त्यांची बेरीज २६६ होते आणि पत्रकावर २७६ आहे. बहुधा बेरीज करताना हातचा चुकला. पण एखादा विषय लिहिताना दहाने कमी लिहिला गेला असेल, हेही तितकेच शक्य आहे. उतरवणाऱ्याने यातले काहीच दुरुस्त करू नये. क्रमांक ३४ च्या विज्ञानात आधी २८ होते, त्यावर ३८ गिरवले आहेत, शेजारी लघुस्वाक्षरी नाही. २८ म्हणजे अनुत्तीर्ण, ३८ म्हणजे उत्तीर्ण. एकूण ३८ धरूनच लिहिले आहे आणि एकूणाच्या आकड्यात खाडाखोड नाही, म्हणजे बेरीज होण्याआधीच हा बदल झाला असावा. एवढे निरीक्षण पानावर लिहावे. बदल योग्य होता की नाही, हे ठरवणे त्याच्या अधिकारात नाही.

या सगळ्याचे पान कसे होईल? साधारण असे:

मा. मुख्याध्यापिका यांस,
इयत्ता नववीच्या वार्षिक निकालपत्रकाचा संगणकावर उतरवलेला तक्ता सोबत देत आहे. आपला निर्णय हवा अशा बाबी आधी लिहितो.
हजेरी क्र. २३, गणित व विज्ञान: दुमडीमुळे अवाच्य. दोन्ही मिळून ८९, वाटणी ठरत नाही. विषय शिक्षकांच्या गुणनोंदवहीवरून ठरू शकेल.
हजेरी क्र. १२, हिंदी: अवाच्य. एकूणाची जागाही फाटली आहे, त्यामुळे बेरजेवरून काढता येत नाही.
हजेरी क्र. ३४, विज्ञान: २८ वर ३८ गिरवलेले, लघुस्वाक्षरी नाही. तक्त्यात ३८ ठेवले आहेत.
हजेरी क्र. ३६: विषयांची बेरीज २६६, पत्रकावर २७६. काहीही बदललेले नाही.
हजेरी क्र. १९, हिंदी: रेघ. गैरहजर की संस्कृत, ते कळवावे.
हजेरी क्र. ४४: सर्व विषयांत रेघ. शाळा सोडली असावी असे वाटते, जनरल रजिस्टर पाहावे.
बेरजेवरून काढलेले आकडे तीन: क्र. ८ विज्ञान ४९, क्र. १७ इंग्रजी ४५, क्र. ४० समाजशास्त्र ५२. हे वाचलेले नाहीत.
‘गै’ जसेच्या तसे ठेवले आहे, शून्य केलेले नाही. कृपांक वेगळ्या रकान्यात आहेत. क्र. २९ च्या एकूणात ते धरलेले आहेत, इतर चार ठिकाणी नाहीत.
एकूण चौकटी २७६. स्पष्ट वाचलेल्या २६०, काढलेल्या ३, अवाच्य ३, रेघ ७, गैरहजर २, गिरवलेली १.
ओळींच्या बेरजा ताडून पाहिल्या आहेत. दोन विषयांचे गुण आपसांत बदलले गेले असल्यास किंवा अख्खी ओळ दुसऱ्याच्या नावापुढे गेली असल्यास बेरजेवरून ते कळत नाही. म्हणून दर दहाव्या ओळीचे नाव आणि शेवटचा हजेरी क्रमांक मूळ पत्रकाशी पुन्हा जुळवला आहे.

या पत्रात चौकटींचा पत्ता D18 किंवा F24 असा न देता हजेरी क्रमांक आणि विषय असा दिला आहे, कारण मुख्याध्यापिका ते वाचतील तेव्हा त्यांच्या टेबलावर कागदी पत्रक असेल, त्यावर D18 कुठेच लिहिलेले नसते. मुलांची नावे पत्रात नाहीत. हे पान चार जणांच्या हातातून जाणार आहे आणि कोण कशात नापास होता होता वाचला, हे सर्वांना कळण्याचे कारण नाही. शेवटचा हिशेब २७६ ला पूर्ण होतो. तो पूर्ण झाला नाही, तर समजावे की एखादी शंका नोंदवायची राहिली आहे.

बेरजांच्या मर्यादेबद्दलची शेवटची ओळ लिहायला लोक कचरतात, आपलेच काम कच्चे असल्यासारखे वाटते. माझ्या मते सगळ्या पत्रातली सर्वांत गरजेची ओळ तीच आहे. ओळ घसरण्याची चूक सर्वांत वाईट. टाइप करताना एक ओळ सुटली की तिथून खाली प्रत्येकाला खालच्या मुलाचे गुण मिळतात. सगळ्या बेरजा जुळतात आणि तक्ता निर्दोष दिसतो. ती फक्त नाव आणि क्रमांक पुन्हा ताडूनच सापडते.

कागदावर नसलेली एक चूक फाईलमध्ये नव्याने शिरू शकते, तिचीही नोंद हवी. तक्त्यात सरल प्रणालीचा विद्यार्थी क्रमांक घातला असेल, तर तो १९ अंकी असतो आणि एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळते. शेवटच्या चार अंकांची शून्ये होतात. तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून घ्यावा लागतो. शून्ये झाल्यावर मूळ अंक परत मिळत नाहीत.

पान मिळाल्यावर मुख्याध्यापकांचे काम सोपे होते. प्रत्येक बाबीपुढे निर्णय, त्याचा आधार आणि सही एवढे लिहिले की झाले. आधार म्हणजे विषय शिक्षकांची गुणनोंदवही, जपून ठेवली असेल तर उत्तरपत्रिका, किंवा वर्गशिक्षकांकडची मूळ प्रत. ‘आठवणीवरून’ हा आधार मानू नये, कितीही जुने आणि विश्वासू शिक्षक असले तरी. आधार मिळाला नाही तर चौकटीत ‘अवाच्य’ कायम राहू द्यावे आणि सही झालेले पान मूळ पत्रकाला लावून ठेवावे. कारण पुढचे मुख्याध्यापक फाईल उघडतील, तेव्हा त्यांना हे सांगणारे दुसरे कुणी तिथे नसेल.

एक आधार मात्र शाळेच्या कपाटात नसतो. निकालाच्या दिवशी हेच गुण प्रगतिपुस्तकात लिहून प्रत्येक मुलाच्या घरी गेलेले असतात आणि त्यावर पालकांची सही असते. क्रमांक २३ चे गणित आणि विज्ञान त्या एका पुस्तिकेत आजही स्पष्ट असू शकते. तेव्हा घरातल्या ट्रंकेत जुनी प्रगतिपुस्तके असतील तर ती रद्दीत घालू नका, आणि शाळेतून कधी फोन आला, तर त्यातले पान नेऊन दाखवा.